पंचफुलाबाईच्या पेटीला पडलेलं भोक

चिंचखेडच्या शाळेतल्या टीव्हीची किल्ली हेडमास्तरांकडे नसते आणि सरपंचाकडे तर मुळीच नसते. ती असते पंचफुलाबाई गावंडे यांच्या पदराच्या गाठीत. कामरगावहून जीपनं आत यावं लागतं असं हे गाव. सुट्टीच्या दिवशी नवा माणूस शाळेत आला आणि टीव्ही दाखवा म्हणाला, की उदयसिंग सर, म्हणजे शाळेचे हेडमास्तर, निमूटपणे एखाद्या पोराला वावराकडे पिटाळतात. कपाशीतून हाताची माती झटकत बाई येतात, गाठ सोडतात, कुलूप काढतात, पडदा पदराच्या कोरड्या टोकानं पुसतात आणि मगच बाजूला होतात. सरकारचे साहेब आले तरी या क्रमात फरक पडत नाही.

रोजचं वेळापत्रकही ठरलेलं. सकाळी वावरात जाताना टीव्हीची लोखंडी पेटी उघडायची, संध्याकाळी येताना लावायची आणि कुलूप ओढून पाहायचं. एकदा ओढून समाधान झालं नाही तर पुन्हा ओढायचं. गाव हसतं. गावाला हसायला काय लागतं? पण हसणाऱ्यांपैकी एकानं तरी शाळेला खडूचा डबा दिला असेल तर शपथ.

ही पेटी आली त्याला कारण बाईंचा नवरा, इंद्रभान. इंद्रभान चौथीपर्यंत शिकलेला शेतकरी, पण वाचायची हौस अशी की शिकलेल्या मास्तरांनी लाजावं. कामरगावच्या बाजारातून पुड्याला गुंडाळून आलेला पेपर तो उलगडून मारुतीच्या पारावर बसायचा आणि मोठ्यानं वाचायचा. कोणी ऐको न ऐको. पुडा ज्या बाजूनं फाटलेला असेल तिथं बातमी संपायची, मग पुढचं तो मनानं रचायचा आणि तेही त्याच आवाजात वाचून टाकायचा. पंचफुलाबाईंना अक्षरओळख नव्हती. माहेर पोहरादेवीकडचं, घरात पाच भावंडं, शाळा बाहेरूनच पाहिलेली. त्यामुळे जगात काय चाललंय ते त्यांना इंद्रभानच्या तोंडूनच कळायचं, खरं आणि रचलेलं दोन्ही.

इंद्रभान थोड्याशा दुखण्यानं गेला. तेरवीला आचारी सांगून झाला होता, भावकीनं चुलीच्या जागाही आखल्या होत्या. तेव्हा बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की जेवण होणार नाही, त्याऐवजी शाळेत टीव्ही लागेल. तिथं पोरं शिकतील, वाचतील, ते त्याला आवडलं असतं. भावकीला हे मानवलं नाही. तेरवी चुकवणाऱ्या बाईच्या घरचं पाणी कित्येक दिवस कुणी घेतलं नाही. बाईंनी रांजण रोज भरून ठेवला, आणि हळूहळू लोक पुन्हा प्यायला लागले. त्यांचा स्वभावच असा. भांडण करायचं नाही आणि मागेही हटायचं नाही.

टीव्ही आला, पण त्याच सुमाराला शेजारच्या एका गावातल्या शाळेचा टीव्ही दिवाळीच्या सुट्टीत चोरीला गेल्याची बातमी आली. बाईंची झोप उडाली. त्यांनी खेमाला बोलावलं. खेमाचं वेल्डिंगचं दुकान शाळेच्या फाटकासमोरच. त्याला बाईंनी एवढंच सांगितलं की आत उंदीर शिरला नाही पाहिजे. खेमानं शब्द पाळला, जरा जास्तच पाळला. आधी टीव्ही भिंतीला बोल्टानं कसला, मग त्याच्या अंगाबरोबर लोखंडी पत्र्याची पेटी बसवली, आणि पुढची चौकट भिंतीतल्या अँगलला वेल्ड करून टाकली. समोर दोन दारं, त्यांना कुलूप. खालून विजेची वायर जाईल एवढं बोटभर भोक. आता चोराला टीव्ही न्यायचा तर भिंतच न्यावी लागणार होती. आणि टीव्ही काढायची वेळ मालकावर आली असती तर त्याचीही गत तीच होती, पण हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पेटीच्या डाव्या अंगाला रंगाऱ्यानं पिवळ्या रंगात नाव लिहिलं. वरच्या ओळीत मोठ्या अक्षरात, खाली अजून काही बारीक. बाईंनी रंगाऱ्याला विचारलं, ह्याच्यात इंद्रभान कुठं? त्यानं बोट ठेवून दाखवलं. तेवढी जागा बाईंनी लक्षात ठेवली. रोज कुलूप लावलं की त्यांचा तळवा त्या जागेवरून फिरायचा. कोणी पाहत असलं तर धूळ पुसतोय असं दाखवायच्या.

शाळेत धम्मदीपा मनवर नावाच्या नव्या मॅडम आल्या, वाशीमच्या. पहिल्याच आठवड्यात किल्लीवरून दोघींची जुंपली, कारण मॅडमना सकाळी लवकर कविता दाखवायच्या होत्या आणि बाई अजून गोठ्यात होत्या. मॅडम स्वतः गोठ्यात आल्या, शेणाच्या पाट्या उचलायला हात लावला आणि म्हणाल्या, चला आजी, आता तरी उघडून द्या. त्या दिवसापासून बाई मॅडमसाठी गोठ्याआधी शाळेत जायला लागल्या. मॅडम स्वतःच्या मोबाईलचं नेट टीव्हीला द्यायच्या आणि पोरांना टीव्हीवरच गाणी, गोष्टी, ग्रह-तारे दाखवायच्या. एवढ्या कामाला पेटीत दुसरी वायर लागतच नव्हती.

बाईंच्या काळजाचा खरा तुकडा मात्र टीव्ही नव्हता. तो म्हणजे नात, निकिता. मुलगा राजू आणि सून यांची ही एकुलती एक पोर, तिसरीत. निकिता बोलताना अडखळायची. पहिलंच अक्षर तोंडात अडायचं, मान एका बाजूला जायची, डोळे मिटायचे, आणि शब्द बाहेर येईपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्याशी बोलायला लागलेला असायचा. हळूहळू पोरीनं बोलणंच सोडलं. घरी बापासमोर तर नुसती मान हलवायची.

राजू वाईट बाप नव्हता, हे सांगायलाच पाहिजे. तो निकितासाठी जीव टाकायचा. पण त्याची समजूत अशी झाली होती की पोरगी डोक्यानं कमी आहे, आणि याला ही गावची शाळा जबाबदार आहे. कारंज्याची एक इंग्रजी शाळा गावात गाडी पाठवायला तयार झाली होती, गावातून पुरेशी पोरं मिळाली तर. राजूनं पुढाकार घेतला. त्याचं वजन होतं; तो ज्या दिशेनं जाईल तिकडे निम्मा गाव जायचा. इंद्रभानच्या नावाचा टीव्ही असलेली शाळा इंद्रभानचाच मुलगा रिकामी करायला निघाला होता. बाईंना हे लागायचं. पण त्याहून जास्त लागायचं ते हे, की निकिताला जिथं कोणी ओळखत नाही अशा जागी, अडलेल्या तोंडानं, परक्या भाषेत बसावं लागेल.

कारण धम्मदीपा मॅडमनी त्या पोरीवर वर्षभर मेहनत घेतली होती. त्यांनी पाहिलं होतं की चार पोरांबरोबर एका सुरात वाचताना निकिता अडत नाही. म्हणून रोज सगळे मिळून वाचायचे, आणि वाचता वाचता मॅडम एकेका पोराला हातानं गप्प करायच्या. चाराचे तीन व्हायचे, तिनाचे दोन, आणि शेवटी निकिताचा एकटीचा आवाज उरायचा. ती थांबली तर कोणी शब्द पुरवायचा नाही, हसायचं तर नाहीच, नुसतं थांबायचं. थांबणं हेच औषध होतं. घरी ते कुणाकडे नव्हतं.

मॅडमनी आणखी एक केलं होतं. जूनमध्ये प्रत्येक पोराचं वाचन मोबाईलवर चित्रित केलं आणि मार्चमध्ये पुन्हा केलं. मोबाईल भरला म्हणून ते सगळं भाऊ अनुपच्या जुन्या लॅपटॉपवर उतरवलं. पोरांची तोंडं इंटरनेटवर टाकायची नाहीत असं त्यांनी ठरवलं होतं, त्यामुळे टीव्हीला नेटवरून दाखवायचा मार्ग बंद होता. गावातल्या कित्येक आईबापांना प्रगतीपुस्तक वाचता येत नव्हतं, पण स्वतःच्या पोराचा आवाज कुणाला कळत नाही? रविवारी पालकसभा ठेवायची, टीव्हीवर जूनचं आणि मार्चचं पाठोपाठ ऐकवायचं, आणि मग ज्याला गाडीत पोर बसवायचं त्यानं बसवावं, असं मॅडमचं म्हणणं होतं. राजूनंही कबूल केलं. म्हणाला, ऐकतो, मग ठरवतो.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर रंगीत तालीम झाली. बाई किल्ली घेऊन हजर होत्याच. मॅडमनी कारंज्याहून एचडीएमआयची वायर आणली होती, दोन्ही टोकांना चपटं तोंड असलेली. त्यांनी बाईंना समजावलं की हे एक टोक लॅपटॉपमध्ये आणि दुसरं टीव्हीत घातलं की चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वायरीतून जातात. पण टीव्हीची खाच होती डाव्या अंगाला, आणि टीव्ही अन् पत्रा यांच्यात पुठ्ठा कसाबसा जाईल एवढीच फट. वायरीचं तोंड आत जाईना. मॅडमनी काटकोनात वळलेलं तोंड लावून पाहिलं, तेही अडलं. पेन ड्राइव्हची खाच त्याच अंगाला, तिथंही तेच. खेमाची कारागिरी आडवी आली होती.

मग बिनवायरीचा मार्ग. मॅडमनी रिमोटनं टीव्हीवर स्क्रीन शेअरचा पर्याय उघडला, लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि के एकदम दाबलं, तर यादीत टीव्हीचं नाव आलं. त्यावर टिचकी मारली आणि थोड्या वेळानं लॅपटॉपवरचं सगळं टीव्हीवर उमटलं. याला नेटही लागत नाही, लॅपटॉप आणि टीव्ही एकमेकांशी थेट बोलतात, असं मॅडम म्हणाल्या. बाईंनी हवेत हात फिरवून पाहिला, काही लागतंय का. चित्र चाललं, मध्ये एखादा हिसका बसला, आवाज एकदा तुटला, पण चाललं.

मॅडमचं समाधान झालं नाही. हवेतून येणारा सिग्नल लोखंडातून नीट जात नाही, त्या म्हणाल्या. इथं तिन्ही बाजूंनी पत्रा, फक्त समोरून वाट. लॅपटॉप पण ठेवावा लागतो त्या कडेच्या टेबलावर, कारण बॅटरी गेलेली, आणि टीव्हीचा सोडला तर प्लग एवढा एकच चालू. खोली माणसांनी भरली की अजून अडेल. वायरीसारखा भरवसा नाही. इथं चार बोटं उंच एक भोक असतं, तर काम झालं असतं.

त्यांचं बोट पेटीच्या डाव्या अंगावर, बरोबर वरच्या ओळीतल्या पिवळ्या अक्षरांच्या मध्यावर टेकलं होतं. उदयसिंग सर घाईनं म्हणाले की मॅडम, ते नाव आहे, तो विषय काढूच नका. मॅडमनी बोट मागं घेतलं आणि माफी मागितली. बाईंनी कुलूप लावलं, तळवा फिरवला आणि घरी गेल्या. मी भोक पाडा म्हणाले असते तर? असा विचार वाटेत त्यांच्या मनात आला, आणि त्यांनी तो झटकला. नाही म्हटलं तरी तेवढंच तर उरलं होतं माणसाचं.

रविवारी सकाळी खोली खच्चून भरली. बाया चटईवर, पुरुष भिंतीला टेकून, आणि काही टीव्ही आणि टेबलाच्या मधोमध उभे, कारण सांगितलेल्या जागी उभं राहणं आपल्याकडे कमीपणाचं मानतात. राजू दाराशी होता. निकिता आजीच्या मांडीला चिकटून.

मॅडमनी टीव्ही जोडला. पहिल्या पोराचं चित्र आलं आणि अर्ध्यात गोठलं. तोंड उघडं, आवाज बंद. मग एकदम पुढं उडी. लोक हसले, पोरगंही हसलं, कारण ते गावभर बडबडणारं कारटं. त्याच्याबद्दल कुणाला शंका नव्हती. मॅडमनी माणसांना बाजूला व्हायला सांगितलं, लॅपटॉप वायर ताणेल तितका समोर आणला, पुन्हा जोडलं. थोडं सुधारलं. मग निकिताची पाळी आली.

जूनचं चित्र आलं. पोरगी पुस्तक धरून उभी, मान वाकडी, ओठ हलताहेत, शब्द नाही. मग मार्चचं सुरू झालं. निकिता पडद्यावर कशाच्या तरी समोर उभी होती आणि वाचायला तोंड उघडलं. आणि आवाज तुटला. "कै... कै..." मग काही नाही. मग अर्धा शब्द, पुन्हा तोच अर्धा शब्द, मग चित्र थिजलं, पोरीचे डोळे अर्धे मिटलेले, मान तशीच.

अडखळत होतं यंत्र. पण बघणाऱ्यांना ते कुठून कळणार? त्यांना दिसली ती तीच निकिता, तीच अडलेली, आता भलीमोठी होऊन भिंतीवर. मागून कोणीतरी चुकचुकलं. मॅडम घाईनं सांगायला लागल्या की हा सिग्नलचा दोष आहे, तिचा नाही, ती यात छान वाचते. लॅपटॉपवरच लावून दाखवायला त्यांनी तो उचललाही, पण त्याचा आवाज पंख्याच्या घरघरीत पहिल्या ओळीपर्यंतही पोचेना. आईबापांच्या तोंडावर सभ्य अविश्वास होता. मास्तरीण बाजू सांभाळते आहे, असं.

निकितानं आजीच्या लुगड्यात तोंड खुपसलं. राजू दारातून म्हणाला, "राहू द्या मॅडम. तुमी मेहनत केली, मले मान्य हाय. पन पोट्टीची आनखी फजिती नोका करू." त्याचा आवाज चढलेला नव्हता, भरून आलेला होता. तो चपला शोधायला लागला, आणि त्याच्याबरोबर आणखी पाचसहा जण उठले.

पंचफुलाबाईंनी मांडीतलं ते तोंड पाहिलं. मग पेटीकडे पाहिलं. नवऱ्याच्या नावाला त्यांनी उंदरापासून जपलं होतं, चोरापासून जपलं होतं, आणि आता तेच लोखंड नातीच्या तोंडावर हात ठेवून बसलं होतं. शुक्रवारीच बोलले असते तर, हे त्यांना आता झटकता येईना. त्या उठल्या. गुडघा धरून उठायला वेळ लागला, म्हणून सगळ्यांचं लक्ष गेलं.

"खेमा," त्या म्हणाल्या, "मशीन आन. मॅडम सांगतीन तिथं पेटी काप."

खेमा भिंतीशी उभा होता. तो पेटीकडे पाहत म्हणाला की काकू, तिथं बापूचं नाव हाय. उदयसिंग सरही पुढं झाले, दुसरा काही उपाय पाहू म्हणाले. राजू चप्पल तशीच टाकून आत आला. आता मात्र त्याचा आवाज चढला. बापाच्या नावाला ग्राइंडर लावायचं कोणाच्या डोक्यात आलं, काहून हे चालू केलं, असं तो आईला सगळ्यांदेखत म्हणाला.

बाई त्याच्याकडे वळल्या. "राजू, तुह्या बापाले काय आवडे? वाचून दाखवाले आवडे. त्याईच्याच नावापाई त्याईच्या नातीचा आवाज अडून राह्यला, तं ते नाव कायच्या कामाचं? तू बस. ऐकून घे, अन् मंग ने तिले कुठं न्याची तं."

राजू बसला नाही, पण गेलाही नाही.

खेमा फाटकासमोरून सामान घेऊन आला. ग्राइंडर नको, तो म्हणाला, ठिणग्या टीव्हीला चिकटतील. टीव्हीचा प्लग काढून ठेवला. फटीतून त्यानं टिनाची पातळ पट्टी आत सरकवली, ड्रिलच्या टोकाला बेताची जागा सोडून चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे टोक पत्र्यापलीकडे जास्त घुसणार नाही. मॅडमनी खडूनं चौकोन आखला. मग त्या रेषेवर एकाला एक लागून भोकं पडत गेली आणि पिवळा रंग पापुद्र्यांनी खाली पडत गेला. बाई शेवटपर्यंत तिथंच उभ्या होत्या. डोळे पुसले नाहीत, वळल्याही नाहीत. उठून गेलेले लोक परत आले, कारण ड्रिल चालू असताना घरी जाणारा माणूस चिंचखेडात अजून जन्मायचा आहे.

उरलेलं खेमानं करवतीच्या पात्यानं कापलं, कडा कानशीनं घासल्या, लोखंडाचा चुरा फडक्यानं टिपून घेतला आणि पट्टी बाहेर ओढली. मॅडमनी वायरीचं तोंड भोकातून नेलं. खाचेत बसल्याचा हलकासा आवाज झाला.

प्लग लावला. रिमोटनं सोर्स एचडीएमआयवर नेला, तर पडद्यावर सिग्नल नाही असं आलं. मागून पुन्हा चुकचुक. मॅडमनी लॅपटॉपवर विंडोज आणि पी दाबून डुप्लिकेट निवडलं, आणि लॅपटॉप आणि टीव्ही दोन्हीकडे एकच चित्र उभं राहिलं, स्थिर. त्यांनी व्हिडिओ सुरू केला. निकिता दिसली, ओठ हलले, पण आवाज लॅपटॉपमधूनच आला, मच्छर बोलावा तसा. मॅडमच्या कपाळावर घाम होता. त्यांनी व्हिडिओ थांबवला, कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज टीव्हीकडे वळवला, आणि पुन्हा पहिल्यापासून लावला.

आता पडद्यावर नीट दिसलं की निकिता कशासमोर उभी आहे. ती याच पेटीच्या डाव्या अंगाला उभी होती. मॅडमचा आवाज ऐकू आला, तुला आवडेल ते वाच. आणि पोरीनं पुस्तक बाजूला ठेवून पिवळ्या अक्षरांवर बोट टेकवलं होतं. तिथं तेव्हा भोक नव्हतं. नाव सगळं शाबूत होतं.

"कैलासवासी," निकिता म्हणाली. स्वच्छ, खोलीच्या शेवटच्या भिंतीपर्यंत. मग थांबली. मान जराशी वळली. व्हिडिओतही कोणी शब्द पुरवला नाही आणि खोलीतही नाही. सगळी खोली श्वास धरून थांबली, न शिकवता. मग ती पुढं गेली. "इंद्रभान तुकाराम गावंडे यांच्या स्मरणार्थ. त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई यांच्याकडून शाळेस सप्रेम भेट."

तेवढंच होतं. व्हिडिओ संपला.

पंचफुलाबाई धम्मदीपा मॅडमकडे वळल्या आणि हळूच विचारलं, "माहं नाव काहून घेतलं तिनं?"

मॅडमना आधी प्रश्नच कळला नाही. मग त्या म्हणाल्या, "आजी, लिवलेलं हाय तिथं. खालच्या ओळीत. तुमाले कोनी सांगतलं नाई?"

कोणी सांगितलं नव्हतं. उदयसिंग सरांनी रंगाऱ्याकडून ती ओळ लिहून घेतली होती, आणि गावात प्रत्येकाला ती माहीत होती, म्हणून सांगावं असं कुणाला वाटलं नव्हतं. इतकी वर्षं बाई वरच्या ओळीवरून हात फिरवून जात होत्या आणि त्यांचं स्वतःचं नाव चार बोटं खाली त्यांची वाट पाहत होतं. त्या मटकन चटईवर बसल्या आणि आता मात्र त्यांनी पदर डोळ्याला लावला. किल्ली त्याच पदराला होती, ती गालाला लागली.

राजू कधी पुढं आला कुणी पाहिलं नाही. तो निकितासमोर उकिडवा बसला. त्यानं पोरीकडे पाहिलं आणि थांबला. ती काही म्हणेल म्हणून, का आणखी कशासाठी, पण थांबला. मग निकिता म्हणाली, "बा... बा... बाबा, पुन्हा लावाले सांगू?" आणि तिचा शब्द पुरा होईपर्यंत बापाचे डोळे तिच्यावरून हलले नाहीत. मला विचाराल तर त्या दिवशी खोलीत खरी जोडणी झाली ती एवढीच.

बाकीच्या पोरांची वाचनं मग एकापाठोपाठ एक झाली, न अडता. पोरं कमी पडली म्हणून गाडी गावात आलीच नाही, काही दिवसांनी दुसऱ्या गावातून जायला लागली. चिंचखेडातून कोणी बसलं नाही असं नाही. ज्याला बसायचं होतं तो तिथं जाऊन बसला. निकिता बसली नाही.

सभेच्या दुसऱ्या दिवशी राजू सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेऊन शाळेत आला आणि भोकाच्या धारेवर तो कापून बसवला, वायर घासू नये म्हणून. रंगाऱ्याला बोलावून उरलेल्या जागेत नाव पुन्हा लिहून घेऊ का, असं त्यानं आईला विचारलं. बाई म्हणाल्या, गरज नाही. वायर जाते तिथून, जाऊ दे.

संध्याकाळी त्या पेटी लावायला आल्या तेव्हा निकिता बरोबर होती. कुलूप लावलं, ओढून पाहिलं. तळवा सवयीनं डाव्या अंगावर गेला, उरलेल्या अक्षरांवरून रबराच्या कडेला लागला आणि थांबला. मग बाईंनी नातीला विचारलं, माझं कुठं आहे ते दाखव. निकितानं आजीचं बोट धरलं, खालच्या ओळीवर नेलं आणि एकेका अक्षरावर टेकवत वाचायला लागली. पहिलंच अक्षर अडलं. आजी थांबली.